गाडी रोज येते, तरी कोपऱ्यावर ढीग का? नववीच्या नागरिकशास्त्रासाठी समस्याधारित अध्ययनाचा एक पाठ

नाशिकच्या सिडकोत आमच्या शाळेपासून पाच मिनिटांवर एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या कोपऱ्यावर रोज सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग असतो. गंमत म्हणजे त्याच गल्लीत घंटागाडी रोज येते. ढीग उचलला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच असतो. माझ्या नववीच्या वर्गाने गेल्या वर्षी पाच आठवडे या एका कोपऱ्याचा तपास केला. ज्या शिक्षकांना असा पाठ पहिल्यांदाच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी तो तपास कसा केला ते इथे क्रमाने सांगतो.

समस्याधारित अध्ययन ही पद्धत 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुजली. तिथे आधी व्याख्यान आणि मग रुग्ण असा क्रम नव्हता. आधी रुग्णाची हकीकत समोर यायची आणि ती समजून घेण्यासाठी लागेल ते विद्यार्थी शिकायचे. नागरिकशास्त्रातही हा क्रम पाळायचा असतो. आधी महापालिकेचा धडा शिकवून मग ‘आता प्रकल्प करा’ म्हटलं, तर तो गृहपाठ होतो. इथे कोपरा आधी येतो, आणि महापालिका कशी चालते हे त्या कोपऱ्यापायी शिकावं लागतं.

पायरी 1: समस्या लहान निवडा

नाशिकमध्ये पाण्याचा किंवा कचऱ्याचा विषय काढला की मुलं पहिलं नाव गोदावरीचं घेतात. ते स्वाभाविक आहे, पण पहिल्या वर्षी तो विषय घेऊ नका. गोदावरीच्या प्रदूषणावर 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यात महापालिका आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, कारखान्यांचं सांडपाणी आहे, मलनिस्सारण केंद्रं आहेत. पाच आठवड्यांत नववीची मुलं यातलं काहीही स्वतः तपासू शकत नाहीत. मग वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवली जातात आणि तपास राहून जातो.

मी निवड करताना तीन गोष्टी पाहतो. जागा शाळेपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी. समस्या मुलांना स्वतः मोजता यायला हवी, आणि पाच आठवड्यांनी पुन्हा मोजता यायला हवी. त्यावर निर्णय घेऊ शकणारा माणूस विभागीय कार्यालयात बसणारा असावा, मंत्रालयात नव्हे. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक म्हणजे आपलं सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. तुमची शाळा यांपैकी ज्या विभागात असेल, त्याच्या कार्यालयापर्यंत मुलं जाऊ शकली पाहिजेत. पाण्याचा विषय हवा असेल तर ‘आमच्या गल्लीच्या शेवटच्या चार घरांना नळाला पाणी कमी दाबाने का येतं?’ हा प्रश्न चालतो. बादली आणि घड्याळ घेऊन तो मोजता येतो.

वेळ दिवाळीच्या सुट्टीनंतरची ठेवा, पण शाळा उघडल्याचा पहिला आठवडा सोडा. त्या आठवड्यात घरोघरच्या साफसफाईचा कचरा बाहेर पडलेला असतो आणि मोजणी फसवी येते. आठवड्याला दोन तासिका याप्रमाणे एकूण दहा तासिका धरा.

पायरी 2: समस्येचं पत्रक लिहा

पाठ फसतो तो बहुतेक वेळा इथेच. पत्रकात कारणही नको आणि उपायही नको. ‘नागरिकांच्या निष्काळजीपणामुळे होणारी अस्वच्छता’ असं लिहिलंत की तपास तिथेच संपला, कारण उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. आमचं पत्रक एवढंच होतं:

“या गल्लीत घंटागाडी रोज सकाळी येते. तरीही प्लॉटच्या कोपऱ्यावर रोज कचऱ्याच्या पिशव्या दिसतात. स्वच्छता कर्मचारी त्या उचलतात, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा असतात. तुमच्या गटाला विभागीय कार्यालयात पाच मिनिटं बोलायची संधी मिळणार आहे. तुम्ही काय मागाल, आणि ते योग्य आहे हे कशावरून सांगाल?”

शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. मागणी ठरवायची म्हटल्यावर ती कोणाकडे करायची ते शोधावं लागतं. आणि ‘कशावरून’ विचारल्यावर मोजावं लागतं.

पत्रक वाचून झालं की फळ्यावर तीन रकाने करा: काय माहीत आहे, काय शोधायचं आहे, आणि ते कुठून कळेल. पहिल्या रकान्यात आमच्या मुलांनी लगेच तीन वाक्यं सांगितली. लोकांना शिस्त नाही. दुकानदार टाकतात. गाडी वेळेवर येत नाही. मी ती पुसली नाहीत. प्रत्येक वाक्यासमोर विचारलं, “हे तुम्ही पाहिलंय की तुम्हाला वाटतंय?” थोडा वेळ शांतता झाली आणि मग मुलांनीच तिन्ही वाक्यं दुसऱ्या रकान्यात हलवली. दुकानदार टाकत असतील तर पिशव्या कोणत्या वेळी वाढतील? गाडी उशिरा येत असेल तर ते कसं कळेल? वाक्याचा असा प्रश्न होतो, तेव्हा मुलांना कामाची दिशा मिळते. या कामाला पूर्ण तासिका द्या, घाई करू नका.

याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 2005 च्या कायद्याप्रमाणे उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणजे पहिल्या आठवड्यात अर्ज गेला तरच उत्तर पाठ संपायच्या आत हाती येईल. शुल्क 10 रुपये. अर्ज मोठ्या माणसाच्या सहीने द्या. आमच्या वेळी एका पालकांनी सही केली. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत असा नियम आहे, त्यामुळे मुलांना नेमकं लिहिण्याचा चांगला सराव होतो. एक चूक सगळेच करतात: अर्जात ‘का’ विचारतात. ‘ढीग का उचलत नाही?’ याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण या कायद्याखाली उपलब्ध असलेला कागद मिळतो, मत मिळत नाही. म्हणून ‘या गल्लीसाठी घंटागाडीचा ठरलेला मार्ग व वेळ दाखवणाऱ्या कागदाची प्रत’ असं मागा.

पायरी 3: कोपऱ्यावर उभं राहून मोजा

आम्ही सोमवार ते शनिवार रोज चार वेळा पिशव्या मोजल्या: सकाळी पावणेसातला, गाडी गेल्यावर दहाला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री नऊला. दहाची मोजणी शाळेतून दोन मुलं आणि एक शिपाईदादा जाऊन करायचे. सकाळची आणि रात्रीची मोजणी जवळ राहणाऱ्या मुलांनी आई किंवा वडिलांबरोबर केली. एकट्या मुलाला पाठवू नका.

वहीच्या पानावर पाचच रकाने होते: वार, वेळ, पिशव्यांची संख्या, वरून दिसणारा कचरा आणि शेरा. कशालाही हात लावायचा नाही. पिशवी उघडायची नाही, काठीने उचकायचीही नाही, कारण त्यात सॅनिटरी पॅड, सुया, फुटलेली काच काहीही असू शकतं. पाच पावलं लांबून जे दिसेल तेवढंच लिहायचं.

फोटो ढिगाचे काढा, माणसांचे नकोत. हे मी ठासून सांगतो, कारण पूर्वी एका वर्षी माझ्याच वर्गातल्या मुलाने पिशवी टाकणाऱ्या बाईंचा फोटो काढला आणि तो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. त्या बाई सकाळी पाचला उठून चार घरची धुणीभांडी करायला निघणाऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून नियम केला: मुलं पिशव्या मोजतील, माणसांची ओळख नोंदवणार नाहीत.

आता आकडे बघा. सोमवारी सकाळी पावणेसातला 19 पिशव्या होत्या. दहाला एकही नाही. संध्याकाळी साडेपाचला 3. रात्री नऊला 6. मंगळवारी सकाळी पुन्हा 18. बाकीचे दिवसही थोड्याफार फरकाने असेच गेले. मुलांनी हे आलेख कागदावर काढलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, दुकानं तर दहाला उघडतात. मग रात्री नऊ ते सकाळी पावणेसात हे कोण टाकतंय?” दुकानदारांवरचा आरोप तिथेच गळून पडला. तो कोणी खोडून काढला नव्हता. मुलांनी स्वतः मांडलेल्या आकड्यांनीच तो खोडला होता, आणि या पाठात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

मग तीन दिवस सकाळी सव्वासहा ते सव्वासात अशी तासभर नोंद केली. ओळख न लिहिता फक्त टाकणारा पायी आहे की गाडीवर, आणि कुठल्या दिशेने जातोय एवढंच टिपलं. बरेचसे लोक दुचाकीवरून, डब्याची पिशवी अडकवून अंबड एमआयडीसीच्या दिशेने जाणारे होते. पहिल्या पाळीला सातला पोचायचं असतं.

याच्याच जोडीला 42 घरांत तीन प्रश्न विचारले. घंटागाडी किती वाजता येते? त्या वेळी घरी कोण असतं? गाडी चुकली तर आसपासचे लोक कचऱ्याचं काय करतात? तिसरा प्रश्न मुद्दाम असा फिरवून ठेवला आहे. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की सगळे ‘आम्ही घरातच ठेवतो’ म्हणतात. 42 पैकी 27 घरांत गाडी येते तेव्हा कोणीतरी असतं. 15 घरांना कुलूप असतं, आणि त्यातली बहुतेक घरं भाडेकरूंची, दोघंही कामाला जाणारी. गाडी येते साडेनवाच्या सुमारास, आणि घर सहा-साडेसहालाच बंद झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र आमच्या पत्रकात नव्हती आणि ती मुलांनीच पाहिली. दहा वाजता पिशव्या उचलल्या गेल्यावरही कोपरा रिकामा दिसत नव्हता. खाली जुन्या बांधकामाचा मलबा होता: विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, सिमेंटचं वाळलेलं पोतं. घंटागाडी मलबा उचलत नाही, ते तिचं काम नाही. म्हणून जागा कायम ‘टाकायची जागा’ दिसत राहते. इतका चांगला पुरावा कुठलीच मुलाखत देत नाही, म्हणून ढीग उचलल्यानंतरचा फोटो जरूर काढा.

स्वच्छता कर्मचाऱ्यांशी बोलायचं असेल तर आधी मुकादमांना विचारा आणि काम संपल्यावर बोला. वर्गात एखाद्याचे वडील याच कामावर असतील, हे लक्षात ठेवा. मी मुलांना ‘काका, तुम्हाला या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ एवढाच प्रश्न देतो. आम्हाला उत्तर मिळालं, “ओलं-सुकं एकात बांधलेलं असतं. पिशवी फाटली की सगळं हातावर.”

पायरी 4: कोणाचं काम, हे शोधा

आता कुठे पाठ्यपुस्तक उघडायची वेळ येते. शहरी स्थानिक शासनसंस्था मुलांनी सहावीत वाचलेल्या असतात, पण त्या तेव्हा कोरड्याच राहतात. आता त्यांना कलम हवं असतं. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि संविधानाला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात 18 विषय आहेत आणि सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हा त्यातला सहावा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक. मुलांना दोन्ही कलमं वाचायला द्या आणि कचरा उचलणं कुठे आहे ते शोधू द्या. ‘करायलाच हवं’ आणि ‘करता येईल’ यातला फरक त्यांना एकदा सापडला की मागणीची भाषाच बदलते.

मग फळ्यावर साखळी काढली: घंटागाडीचा ठेकेदार, स्वच्छता निरीक्षक, विभागीय स्वच्छता निरीक्षक, घनकचरा व्यवस्थापन विभाग, आयुक्त. बाजूला नगरसेवक. वेगळ्या चौकटीत प्लॉटचा मालक. आणि खाली स्वतः नागरिक, कारण कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकावरच टाकली आहे. वर्गात इथे जोरदार वाद झाला. गाडी घरी कोणी नसताना येत असेल तर चूक नागरिकाची की वेळापत्रकाची? मी निकाल दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

साखळी चुकली तर काय होतं तेही सांगतो. आमचं पहिलं निवेदन आम्ही एका कार्यालयात दिलं. त्यांनी ते घेतलं, शिक्का दिला, आणि दहा दिवसांनी कळलं की तो विषय त्यांच्याकडे नव्हताच. दहा दिवस वाया गेले. आता निवेदन द्यायच्या आधी मुलं एकच प्रश्न विचारून येतात: “या गल्लीची गाडी कोणाच्या सहीने हलते?”

पायरी 5: उपाय ताडून पाहा

मुलांनी पाच उपाय सुचवले: दंड, कॅमेरा, मोठी कचराकुंडी, फलक आणि गाडीची वेळ बदलणं. प्रत्येक गटाला एक उपाय द्या आणि दोनच प्रश्न विचारा. हा उपाय आपल्या आकड्यांमधल्या कोणत्या गोष्टीवर काम करतो? आणि त्याने कोणाचं नुकसान होईल?

फलकाच्या गटाला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. टाकणाऱ्याला इथे टाकू नये हे माहीत असतं, अडचण माहितीची नाहीच. कुंडीचा गट आत्मविश्वासाने उभा राहिला, पण समोरच्याच घरात राहणारा एक मुलगा म्हणाला, “कुंडी आमच्या दारात येणार, आणि कुत्री रात्रभर.” दंडाच्या गटाने हिशेब मांडला: दंड भरणार कोण? बहुतेक पहिल्या पाळीचे कामगार, ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही. शेवटी दोन मागण्या उरल्या. या गल्लीला गाडीच्या फेरीत पहिलं घ्यावं, आणि कोपऱ्यावरचा मलबा एकदा पूर्ण हलवावा.

पायरी 6: निवेदन द्या आणि पुन्हा मोजा

निवेदन एका पानाचं ठेवा. वर विषय, मग सहा दिवसांचा तक्ता, मग दोन मागण्या, शेवटी मुख्याध्यापकांची सही. ‘शहर स्वच्छ सुंदर व्हावे’ असली वाक्यं मी काढायला लावतो. आमच्या निवेदनातलं मुख्य वाक्य होतं: “सहा दिवसांत बहुतेक पिशव्या रात्री 9 ते सकाळी 6:45 या वेळेत वाढल्या, आणि पाहणी केलेल्या 42 पैकी 15 घरांत गाडीच्या वेळी कोणी नसते.” पोच घ्यायला विसरू नका, आणि पोचेवर आवक क्रमांक आहे ना ते मुलांनाच बघायला सांगा.

विभागीय कार्यालयात चार मुलं बोलली. स्वच्छता निरीक्षकांनी तक्ता दोनदा पाहिला आणि विचारलं, “रविवारी मोजलं नाही का?” मोजलं नव्हतं. मुलं गप्प झाली, आणि मी मध्ये पडलो नाही. मग एकजण म्हणाला, “नाही सर, ते राहिलं. पुढच्या वेळी मोजू.” साहेबांनी सांगितलं की दुसरी फेरी शक्य नाही, गाड्या तेवढ्या नाहीत, पण मार्गाचा क्रम बदलून बघता येईल. माहिती अधिकाराचं उत्तर त्याच आठवड्यात आलं होतं. त्यात या गल्लीचा क्रम फेरीच्या शेवटी होता, त्यामुळे हे बोलणं लगेच पटण्यासारखं झालं. गाडी सातच्या आधी यायला लागली. मलबा मात्र प्लॉटच्या मालकाला कळवून हलवावा लागेल, असं सांगितलं गेलं.

तीन आठवड्यांनी मुलांनी पुन्हा सहा दिवस मोजलं, या वेळी रविवारही धरून. सकाळच्या पिशव्या 19 वरून 7 वर आल्या होत्या. मलबा तिथेच होता.

गुण कशाला द्यायचे

तयार झालेल्या तक्त्याच्या सुबकपणाला मी गुण देत नाही. प्रत्येक मुलाला शेवटी एक पान लिहायला सांगतो: सुरुवातीला तुला काय वाटत होतं, कोणत्या नोंदीने ते बदललं, आणि अजून काय माहीत नाही. ज्याचं मत बदललं नाही त्याचेही गुण कापत नाही, पण त्याने नोंदीचा आधार द्यायलाच हवा. गटात काम कोणी केलं हे वहीतल्या वेळेच्या नोंदींवरून कळतं, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे आद्याक्षर लिहायला लावा. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय असतो. पाण्याचा प्रश्न घेतलात तर हेच पान तिथेही वापरता येतं.

पाठ भरकटतोय हे ओळखायची एक खूण आहे. दुसऱ्या आठवड्यात मुलं झाडू आणि हातमोजे मागायला लागली, तर तपास सुटून स्वच्छता मोहीम सुरू झाली असं समजा. साफ केलेला कोपरा मोजता येत नाही. मोहीम करायची असेल तर दुसरी मोजणी संपल्यावर करा.

उरलेल्या 7 पिशव्या कोणाच्या हे आमच्या वर्गाला कळलं नाही. एका मुलाच्या पानावर शेवटची ओळ होती: “सव्वासहाच्या आधी निघणारे लोक असतील, पण आम्ही सव्वासहाच्या आधी उभेच राहिलो नाही.” या वर्षीच्या नववीला मी त्याच ओळीचं पत्रक दिलं आहे.